‘सर, काय ठरलं मग?’ : एका थांबलेल्या विक्रीच्या पाठपुराव्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत धान्य साफ करण्याची यंत्रं बनवणारा एक छोटा कारखाना आहे. मालक, दोन अभियंते, वीसेक कामगार आणि विक्रीसाठी एकच तरुण, तोही लातूर-धाराशिव-नांदेड असा सगळा पट्टा एकटा फिरणारा. माझ्याकडे अशा लघुउद्योगांचा पत्रव्यवहार असतो. या प्रकरणात मी नोव्हेंबरच्या सुरुवातीला आले, म्हणजे बिघडायचं ते बिघडून झाल्यावर. माणसं आणि गावं ओळखू येतील असे तपशील मी गाळले आहेत.

ग्राहक होती लातूर जिल्ह्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी. स्वतःचं गोदाम, पगारी व्यवस्थापक आणि शेतकरीच असलेलं संचालक मंडळ. सभासदांची तूर आणि हरभरा साफ करून, प्रत लावून विकायची म्हणजे डाळमिलवाल्यांकडून बरा भाव मिळेल, असा त्यांचा विचार होता. त्यासाठी तीन यंत्रांचा संच हवा होता. ग्रेडर जाळ्यांवरून दाण्याची मोठी-लहान वर्गवारी करतो. डी-स्टोनर खडे काढतो. ग्रॅव्हिटी सेपरेटर आकाराने सारखे पण वजनाने हलके, म्हणजे डंखी आणि पोचट दाणे, वेगळे करतो. संचाची किंमत साडेअकरा लाखांच्या आसपास जात होती, जीएसटी वेगळा.

सप्टेंबरच्या शेवटी आमचा विक्री प्रतिनिधी गोदाम बघून आला आणि ६ ऑक्टोबरला कोटेशन गेलं. पुढचा महिनाभर तिकडून एक शब्द आला नाही.

अडचण

मी आधी त्याचा मोबाइल मागून घेतला आणि व्हॉट्सॲपवरचा सगळा संवाद वाचला. संवाद म्हणायचा तो एका बाजूचाच. सोळा दिवसांत नऊ संदेश होते. त्यातले सहा असे:

> ६ ऑक्टोबर: सर कोटेशन पाठवलंय, बघून घ्या.
> ८ ऑक्टोबर: सर बघितलं का?
> ११ ऑक्टोबर: गुड मॉर्निंग सर, काय ठरलं मग?
> १४ ऑक्टोबर: सर मालकांना बोलून ३ टक्के कमी करून घेतलंय. फक्त शनिवारपर्यंत आहे, लवकर सांगा.
> १९ ऑक्टोबर: सर फोन उचला ना.
> २२ ऑक्टोबर: सर तुमच्याकडून काहीच रिप्लाय नाही. घ्यायचं नसेल तर तसं तरी सांगा.

सगळ्यांवर निळ्या खुणा होत्या. १ नोव्हेंबरला मालकांनी सांगितलं म्हणून त्याने ई-मेल पाठवला होता. विषयाच्या जागी नुसतं ‘रिमाइंडर’, आणि आत वरचाच मजकूर थोडा लांबवलेला.

मुलगा उद्धट नव्हता. प्रत्येक वाक्यात ‘सर’ होतं. तरी सहाही संदेश पुन्हा वाचले तर एक गोष्ट दिसते: ते ३ टक्के सोडले तर सहाव्यांदा वाचणाऱ्यालाही पहिल्यापेक्षा नवीन काही कळत नाही. दर वेळी मागणं तेवढं आहे, ‘उत्तर द्या.’ माणसाकडे द्यायला उत्तर नसेल तर असा संदेश त्याला ओझं वाटतो. एक तर तो उघडत नाही किंवा उघडून ठेवून देतो.

व्यवस्थापकांकडे उत्तर का नव्हतं, हे शोधण्यात माझा पहिला दिवस गेला. दोन कारणं तर कॅलेंडर बघूनच कळली असती. ऑक्टोबर म्हणजे सोयाबीनची आवक. सकाळी नऊच्या सुमारास गोदामाच्या दारात ट्रॅक्टरांची रांग, ओलावा मोजायचं यंत्र हातात, १२ टक्क्यांच्या वर गेलेल्या मालावरून शेतकऱ्यांशी वाद, आणि आमचे संदेश नेमके त्याच वेळेला गेलेले. दुसरं, यंत्र घ्यायचं की नाही हे व्यवस्थापकांच्या हातात नव्हतंच. ते संचालक मंडळ ठरवणार, कर्ज बँक देणार, आणि दोन्हीकडे कागद लागणार.

तिसरं कारण प्रतिनिधीच्या आठवणीत दडलेलं होतं. मी त्याला विचारलं, “त्या दिवशी गोदामावर कोण कोण होतं? कुणी काय विचारलं?”

तो म्हणाला, “एक वयस्कर डायरेक्टर होते मॅडम. ते म्हणायले, ‘हे सगळं आमच्या डीपीवर चालतंय का? लाइन आधीच दमायली.’ मी म्हणलो, चालतंय की. आणि व्यवस्थापक साहेब म्हणले, तुरीच्या आधी बसल का? मी म्हणलो, बसवू.”

“हे कोटेशनमध्ये लिहिलंस?”

“नाही. कोटेशनमध्ये किमतीच असत्यात ना मॅडम.”

गाठ इथेच होती. गिऱ्हाइकाने दोन खरे प्रश्न विचारले होते आणि दोन्हींना ‘हो हो’ म्हणून आम्ही किंमत पाठवून मोकळे झालो होतो. बैठकीत त्या वयस्कर संचालकांनी विजेचा विषय पुन्हा काढला असता तर व्यवस्थापकांजवळ दाखवायला काहीच नव्हतं. म्हणून ते विषयच पुढे नेत नव्हते.

समोरचे पर्याय

मालक, प्रतिनिधी आणि मी असे बसलो. मालकांचं पहिलं मत ३ टक्क्यांचे ५ करावेत असं होतं. मी नको म्हटलं, कारण किमतीवर कुणी आक्षेप घेतल्याचं कुठेच दिसत नव्हतं. न विचारता दर उतरवला की पहिला दर फुगवलेला होता असंच वाटतं.

प्रतिनिधीची सूचना आपल्याकडच्या रीतीला धरून होती. कंपनीच्या अध्यक्षांचे एक सोयरे त्याच्या ओळखीचे होते, ती ओळख काढून थेट अध्यक्षांकडे जायचं. मराठवाड्यात असे व्यवहार होतात आणि कधी कधी चटकन होतात, हे मी नाकारत नाही. पण व्यवस्थापकांना ओलांडून वर गेलो तर ज्या माणसाने तीन कोटेशनं समोर ठेवून टिपण लिहायचं तोच दुखावतो. पुढची दहा वर्षं सुट्या भागांसाठी संबंधही त्याच्याशीच येणार. मालकांनी हा पर्याय स्वतःच बाजूला ठेवला.

तिसरा पर्याय प्रत्यक्ष जाण्याचा होता. रस्ता पाच-सहा तासांचा, आणि सोयाबीनच्या गर्दीत आपण दारात उभं राहणं म्हणजे दहावा संदेश पायी घेऊन जाणं.

राहिला ई-मेल. प्रतिनिधीला शंका होती, “ते मेल बघत नाहीत मॅडम, सगळं व्हॉट्सॲपवर.” शंका खरी होती. पण मेल छापता येतो, बँकेला पुढे पाठवता येतो, बैठकीच्या फाइलला लावता येतो. व्हॉट्सॲपचा संदेश व्यवस्थापकांच्या खिशातच राहतो. म्हणून ठरलं असं: मजकूर मेलवर, आणि मेल गेल्यावर व्हॉट्सॲपवर एकच ओळ, “साहेब, वीज आणि बसवणीची माहिती मेलवर पाठवली आहे, सवडीने बघावी.” वेळ संध्याकाळी साडेसातची, गोदाम बंद झाल्यावर.

मेल कसा घडला

पहिला मसुदा प्रतिनिधीने लिहिला आणि तो दुसऱ्या टोकाला गेला. “महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, आपल्या कार्यालयाकडून अद्याप कोणताही प्रतिसाद प्राप्त झालेला नाही. तरी त्वरित निर्णय कळविण्यात यावा, ही विनंती.” त्याला वाटलं, झाला आदर. पण ही तहसील कचेरीतून आलेल्या नोटिशीची भाषा आहे. ‘अद्याप प्रतिसाद नाही’ हा ठपका आहे आणि ‘कळविण्यात यावा’ हा हुकूम. शेवटी ‘विनंती’ लिहिल्याने तो सौम्य होत नाही. मराठीत आदर क्रियापदात दिसतो. ‘कळवा’, ‘कळवावे’, ‘कळवाल का’ आणि ‘कळवलंत तर’ या चार रूपांत चार वेगळे आवाज आहेत. ‘कळवलंत तर’ म्हटलं की पुढे आपण काय करू हे सांगावंच लागतं. मागणं तिथे देवाणघेवाण होतं. मी ते निवडलं.

‘सर’ काढून ‘साहेब’ केलं, कारण गोदामावर सगळे त्यांना तसंच बोलावत. ‘दादा’ नको ठरलं. समोरासमोर ते गोड वाटतं, पण हा कागद संचालकांसमोर जाणार होता आणि तिथे व्यवस्थापक विक्रेत्याचे ‘दादा’ दिसले असते तर त्यांचीच पंचाईत.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मुदतीच्या वाक्याने. ‘फक्त शनिवारपर्यंत’ खोटं होतं. मालकांनीच कबूल केलं की ३ टक्के ते केव्हाही देतील. पण एक खरी मुदत होतीच, तुरीची. संच बनवायला ६ आठवडे, बसवून चाचणी घ्यायला ५ दिवस, आणि जानेवारीत तूर बाजारात येऊ लागते. हा हिशेब ग्राहकाच्या उपयोगाचा होता. मात्र खरी मुदतही धमकीसारखी लिहिता येते. म्हणून तारखेबरोबर, ती चुकली तर नेमकं काय होईल आणि काय होणार नाही, हेही लिहायचं ठरवलं. ३ टक्के कमी केलेला दर सरळ कोटेशनमध्ये घातला आणि त्याला खरी, लांबची मुदत दिली.

८ नोव्हेंबरला गेलेला मेल असा:

> विषय: तूर ग्रेडिंग संच: वीज किती लागेल, बसवणी कधी होईल
>
> नमस्कार साहेब,
>
> सप्टेंबरअखेर आपल्या गोदामावर आलो होतो तेव्हा दोन प्रश्न निघाले होते. त्यांची नीट उत्तरं मी त्या दिवशी दिली नव्हती, ती खाली देत आहे.
>
> वीज: तिन्ही यंत्रं एकाच वेळी चालवली तर १५.५ एचपी भार येतो (ग्रेडर ५, डी-स्टोनर ३, ग्रॅव्हिटी सेपरेटर ७.५). आपला मंजूर भार २० एचपी आहे असं आपण म्हणाला होतात. पाण्याची ३ एचपीची मोटर धरूनही तो पुरतो.
>
> बसवणी: ऑर्डर मिळाल्यापासून संच तयार व्हायला ६ आठवडे आणि बसवून चाचणी घ्यायला ५ दिवस लागतात. २५ नोव्हेंबरपर्यंत ठरलं तर ११ जानेवारीच्या सुमारास संच चालू होईल. त्यानंतर ठरलं तरी १५ जानेवारीपर्यंत दर हाच राहील. तुरीची सुरुवातीची आवक मात्र सापडणार नाही, हरभऱ्याला संच तयार असेल.
>
> सोबत यंत्रनिहाय किंमत आणि जीएसटी वेगळा दाखवलेलं एक पानी कोटेशन जोडलं आहे. बँकेत देण्यासाठी ते वापरता येईल.
>
> हा विषय संचालकांच्या पुढच्या बैठकीत येणार आहे का, एवढं कळवलंत तर लागणारे कागद मी त्याआधी तयार ठेवतो. यंदा घ्यायचं नसेल तर तेही मोकळेपणाने कळवा, मग पुढच्या हंगामापर्यंत मी विचारणार नाही.

२२ ऑक्टोबरच्या संदेशातही ‘घ्यायचं नसेल तर तसं तरी सांगा’ होतं, आणि इथेही नकाराची वाट मोकळी ठेवली आहे. फरक ‘तरी’ या एका शब्दाचा आणि आधीच्या तीन परिच्छेदांचा आहे. काहीतरी देऊन झाल्यावर नकाराची मुभा दिली तर ती मुभा वाटते. नऊ वेळा विचारून झाल्यावर दिली तर वैताग वाटतो.

विषयाच्या ओळीत ‘पाठपुरावा’, ‘आठवण’, ‘रिमाइंडर’ यांपैकी काहीच ठेवलं नाही. मोबाइलवर विषयाचा सुरुवातीचाच भाग दिसतो, म्हणून ‘तूर’ हा शब्द पहिला.

चूक आणि तिची दुरुस्ती

१० नोव्हेंबरला दुपारी उत्तर आलं. महिन्याभरातलं पहिलं:

> बैठक १९ ला आहे. कागद ठेवतो. आमचा वायरमन विचारतोय एलिव्हेटरच्या मोटरी धरल्या का.

धरल्या नव्हत्या. एका यंत्रातून दुसऱ्यात माल चढवणारे दोन बकेट एलिव्हेटर होते, प्रत्येकी १ एचपीचे. कोटेशनमध्ये ते ‘इतर साहित्य’ या ओळीत होते आणि मी फक्त तीन मुख्य यंत्रांचे आकडे उचलले होते. एकूण १५.५ नव्हे, १७.५. पाण्याची मोटर धरली तर २०.५, म्हणजे मंजूर भाराच्या वर. ज्या मुद्द्यावर सगळा मेल उभा होता तोच चुकीचा ठरला. चूक माझी होती. मसुदा पाठवण्याआधी मी तो अभियंत्याला दाखवायला हवा होता.

मालकांचं म्हणणं होतं की फोनवर सांगून टाकू, अर्ध्या एचपीचा तर प्रश्न आहे, मोटर आणि संच एका वेळी चालवू नका म्हणावं. तांत्रिकदृष्ट्या ते चूक नव्हतं. पण चुकीचा आकडा लेखी गेला होता आणि १९ तारखेला तोच कागद टेबलावर असणार होता. फोनवरची दुरुस्ती त्या कागदावर उमटली नसती आणि बैठकीत वायरमनचं म्हणणं खरं, व्यवस्थापकांचा कागद खोटा ठरला असता. म्हणून त्याच संध्याकाळी, त्याच मेलला जोडून हे पाठवलं:

> साहेब, आपल्या वायरमननी बरोबर धरलं. दोन एलिव्हेटरचे २ एचपी माझ्याकडून राहिले होते. एकूण भार १७.५ एचपी, पाण्याच्या मोटरीसह २०.५. म्हणजे २० एचपीच्या मंजुरीत सगळं एकाच वेळी चालणार नाही.
>
> तीन मार्ग आहेत. संच चालू असताना पाण्याची मोटर बंद ठेवणे. महावितरणकडे भार वाढवून मागणे. किंवा यंदा ग्रॅव्हिटी सेपरेटर न घेता बाकीचा संच घेणे. तसं केल्यास मोटरीसह भार १३ एचपी होतो, पण डंखी दाणा यंत्राने वेगळा होणार नाही.
>
> दुरुस्त कोटेशन जोडलं आहे. आधीचं कृपया बैठकीत ठेवू नये.

तिसरा मार्ग लिहायचा की नाही यावर अर्धा तास वाद झाला. ग्रॅव्हिटी सेपरेटर हे संचातलं सगळ्यात महाग यंत्र, आणि ते गाळायची कल्पना आपणच ग्राहकाच्या डोक्यात का घालायची, असं मालक म्हणत होते. मी म्हटलं, वायरमन ती बैठकीत घालणारच आहे. आपण लिहिली तर सोबत ‘डंखी दाणा निघणार नाही’ हेही लिहिता येतं. मालकांनी मान्य केलं, पण मनापासून नाही.

दुसरा मेल

बैठकीनंतर दोनच दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, दुसरा मेल गेला. त्यात नवीन गोष्ट एकच होती. शेजारच्या तालुक्यात असाच संच चालवणाऱ्या एका गिऱ्हाइकाला विचारून, त्यांची परवानगी घेऊन, त्यांचा संपर्क दिला आणि लिहिलं की आमच्यापैकी कुणी सोबत येणार नाही, तुम्ही थेट जाऊन बघा आणि त्यांना हवं ते विचारा. या मेलला उत्तर आलं नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात प्रतिनिधीने निरोपाच्या मेलचा मसुदा आणला: “आपल्याला आमच्या यंत्रात रस नाही असं समजून आम्ही फाइल बंद करत आहोत.” तो मी थांबवला. रस नाही असं कुणी म्हटलंच नव्हतं. शिवाय या वाक्यात ‘आता तरी बोला’ असा हिसका लपलेला असतो आणि वाचणाऱ्याला तो लगेच कळतो. १५ जानेवारीपर्यंतचा दर आपण लेखी दिला होता, तर तोवर गप्प बसणं हेच त्या शब्दाला जागणं होतं. आम्ही काहीच पाठवलं नाही.

निष्पत्ती

२४ डिसेंबरला ऑर्डर आली, ग्रॅव्हिटी सेपरेटर सोडून बाकीच्या संचाची. बैठकीत विषय मंजूर झाला होता, मधले दिवस बँकेत गेले. कृषी पायाभूत सुविधा निधीतून ३ टक्के व्याजसवलत मिळावी म्हणून प्रकरण तसं करायचं होतं, आणि त्या फाइलला आमचं यंत्रनिहाय कोटेशन लागलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला संच चालू झाला. अर्धी तूर निघून गेली होती, हरभरा सापडला.

बसवणीच्या दिवशी मी मुद्दाम गेले आणि व्यवस्थापकांना विचारलं की ऑक्टोबरात काय वाटत होतं. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. दुरुस्तीचा मेल त्यांनी बैठकीत वाचून दाखवला होता आणि त्या वयस्कर संचालकांचं समाधान त्यानेच झालं. दुसरा मेल त्यांनी उघडलाच नव्हता. शेजारच्या तालुक्यातला संच ते आपल्या ओळखीतून आधीच बघून आले होते. तिसरी गोष्ट मी लिहून ठेवली आहे: “तुमचा तो शनिवार गेला की मी म्हणलो, आता थांबावं, ३ चे ५ होतेत का बघावं.” खोट्या मुदतीने त्यांना घाई लावली नाही, उलट थांबायला शिकवलं.

काय वेगळं करता आलं असतं

दुसरा मेल घाईने गेला. बैठक १९ ची, मग इतिवृत्त, मग बँक, हे माहीत असताना २१ ला लिहिण्यासारखं काही नव्हतं. त्या वेळी त्यांच्यापुढे बँकेचा प्रश्न होता आणि आम्ही यंत्र बघायला जा म्हणत होतो. संपर्क द्यायचाच होता तर तो पहिल्या मेलमध्ये शोभला असता. २१ ला ‘बँकेला आणखी कोणता कागद लागतोय का’ एवढी एक ओळ पुरली असती, आणि कदाचित दोन आठवडे वाचले असते.

खरी चुकलेली वेळ मात्र सप्टेंबरमधली आहे. गोदामावर उभं असतानाच पुढची बैठक कधी, मंजूर भार किती, कर्ज कुठून, हे वहीत उतरलं असतं तर कोटेशनबरोबरच वीज आणि बसवणीचा हिशेब गेला असता आणि ऑर्डर सोयाबीन संपता संपता ठरली असती. प्रतिनिधीच्या वहीत आता प्रत्येक भेटीच्या पानावर वरच हे तीन प्रश्न लिहिलेले असतात. जिथे एचपीचा आकडा येतो तो मेल अभियंत्याने बघितल्याशिवाय जात नाही.

मालकांना अजून वाटतं की तो तिसरा मार्ग लिहिला नसता तर पूर्ण संच गेला असता. तसं झालं असतं की नाही, हे सांगता येत नाही. कंपनीने महावितरणकडे भार वाढवण्याचा अर्ज केला आहे. मंजुरी आल्याचं व्यवस्थापकांनी स्वतः कळवलं की ग्रॅव्हिटी सेपरेटरचं कोटेशन पाठवायचं, त्याआधी विचारायचं नाही, असं ठरलं आहे.